वडिलांचं घर विकल्यावर: फ्लॅट, रोखे आणि आधी येणारी तारीख

प्रश्न: सर, आमचं सांगलीच्या गावभागातलं वडिलांचं घर मी आणि धाकट्या बहिणीने १८ नोव्हेंबर २०२५ ला एक कोटीला विकलं. दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. वडिलांनी ते १९८१ मध्ये घेतलं होतं, २०१६ मध्ये ते वारले. मला विश्रामबागेत काम चालू असलेल्या इमारतीत ४६ लाखांचा फ्लॅट घ्यायचाय, तो मुलाच्या नावावर करावा म्हणतो. बहीण साताऱ्यात शाहूपुरीत राहते, तिचं स्वतःचं घर आहे, तिला रोखे घ्यायचेत. मी निवृत्तिवेतनावर आहे, दोघांनाही व्यवसायाचं उत्पन्न नाही. सध्या पैसे पतसंस्थेत ठेवलेत. कर वाचवायचा तर पूर्ण पन्नास-पन्नास लाख गुंतवावे लागतात का? आणि किती दिवसांत?

उत्तर:

नमस्कार. सगळ्यात आधी तारखा वहीत लिहून घ्या, कारण तुमच्या प्रकरणात पैशांपेक्षा तारखा महत्त्वाच्या आहेत. खरेदीखत १८ नोव्हेंबर २०२५ चं. तिथून सहा महिने म्हणजे १८ मे २०२६, ही रोख्यांची शेवटची तारीख. ३१ जुलै २०२६ ही तुमचं विवरणपत्र भरण्याची मुदत, आणि त्याच दिवसापर्यंत न वापरलेली रक्कम बँकेतल्या ठरावीक खात्यात जायला हवी. तयार घर विकत घेणार असाल तर दोन वर्षं, म्हणजे १८ नोव्हेंबर २०२७. बांधणार असाल तर तीन वर्षं, १८ नोव्हेंबर २०२८.

माझ्याकडे येणारे बहुतेक लोक दोन आणि तीन वर्षांचं तेवढं लक्षात ठेवतात आणि निवांत होतात. घोळ मे आणि जुलै या दोन तारखांत होतो. त्यातही रोख्यांची मुदत आधी संपते. जूनमध्ये बिल्डरशी फिसकटलं आणि तुम्ही म्हणालात, "राहू दे, रोखे घेतो," तर तेव्हा तो मार्ग उरलेला नसतो. म्हणून फ्लॅटचं नक्की काय ते तुम्हाला जुलैपर्यंत नाही, एप्रिलअखेर ठरवायचं आहे.

आता किती गुंतवायचं ते पाहू. पूर्ण विक्रीची रक्कम गुंतवावी लागत नाही. घर विकून घर घेताना आयकर कायद्याचं कलम ५४ लागतं आणि रोख्यांसाठी कलम ५४ ईसी. दोन्हींत हिशोब नफ्याचा होतो, विक्रीच्या किमतीचा नाही. पूर्ण मोबदला गुंतवण्याची अट कलम ५४ एफ मध्ये आहे. ते घराऐवजी मोकळी जमीन, सोनं, शेअर असं काही विकून घर घेणाऱ्यांसाठी असतं. लोक ही दोन कलमं एकमेकांत मिसळतात, आणि त्यामुळे गरज नसताना जास्त पैसे अडकवून बसतात.

तुम्ही आणि बहीण कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र करदाते आहात. प्रत्येकाचा नफा वेगळा, सवलत वेगळी, विवरणपत्र वेगळं. तुम्ही फ्लॅट घेतला म्हणून बहिणीला सवलत मिळत नाही आणि तिने रोखे घेतले म्हणून तुमचा कर कमी होत नाही.

वारसाने आलेल्या घराची खरेदी किंमत वडिलांची धरायची. ती खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असल्याने त्या दिवशीचं बाजारमूल्य घेता येतं. त्यासाठी आयकर खात्याकडे नोंदणी असलेल्या मूल्यांककाचा दाखला घ्या. मात्र २००१ च्या सरकारी दरपत्रकानुसार घराची जी मुद्रांक किंमत होती, त्यापेक्षा जास्त किंमत आता धरता येत नाही. म्हणून मूल्यांककाला त्या वर्षीचं दरपत्रक दाखल्यासोबत जोडायला सांगा. चौकशी आली तर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

समजा दाखला १२ लाखांचा आला, तुमचा वाटा ६ लाख. विक्रीचे ५० लाख तुमच्या वाट्याचे, त्यातून दलाली आणि वकिलाची फी मिळून ५० हजार गेले असं धरू. राहिले ४९ लाख ५० हजार. त्यातून ६ लाख वजा केले की नफा ४३ लाख ५० हजार. यावर नव्या पद्धतीने साडेबारा टक्क्यांनी कर ५,४३,७५० रुपये, ४ टक्के उपकर धरून ५,६५,५००.

२३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमीन-घरासाठी, भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला जुन्या पद्धतीने मोजून तुलना करण्याची मुभा आहे. जुन्या पद्धतीत महागाई निर्देशांक लागतो. २००१-०२ चा १०० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणून ६ लाखांचे होतात २२ लाख ५६ हजार. वडील २०१६ मध्ये वारले तर निर्देशांक २०१६ पासून धरायचा, असा मुद्दा आयकर खातं पूर्वी काढत असे. आधीच्या मालकाचा काळही धरायचा, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं, त्यामुळे आपल्याकडे २००१ पासूनचा निर्देशांक धरला जातो. या पद्धतीने नफा येतो २६ लाख ९४ हजार, त्यावर २० टक्के कर ५,३८,८००, उपकर धरून ५,६०,३५२.

कर दोन्हीकडे जवळजवळ सारखाच आहे, फरक जेमतेम पाच हजारांचा. पण नफ्याचा आकडा पाहा. एका पद्धतीत ४३ लाख ५० हजार, दुसरीत २६ लाख ९४ हजार. कर वाचवण्यासाठी किती पैसे अडकवायचे ते या आकड्यावर ठरतं, आणि इथे फरक साडेसोळा लाखांचा आहे.

कायद्यातली तरतूद अशी आहे: नव्या पद्धतीने येणारा कर हा २०२४ च्या दुरुस्तीपूर्वीच्या कायद्याने येणाऱ्या करापेक्षा जास्त असेल, तर वरचा फरक सोडून द्यायचा. जुन्या कायद्याने मोजायचं म्हणजे निर्देशांकासह नफा काढायचा आणि त्यातून कलम ५४ किंवा ५४ ईसीची सवलत वजा करायची. गुंतवणूक २६ लाख ९४ हजारांची असली तर जुन्या कायद्याने कर शून्य. मग नव्या पद्धतीने जो काही कर येईल तो सगळाच "वरचा फरक" ठरतो आणि सुटतो. माझं वाचन हे आहे, आणि तरतुदीचे शब्द त्याला पुरेसे आहेत असं मला वाटतं. तरीही माझा सल्ला सावध आहे. ज्याला जमेल त्याने नव्या पद्धतीच्या नफ्याइतकी, म्हणजे ४३ लाख ५० हजारांची गुंतवणूक करावी. मग कोणी कसंही वाचलं तरी प्रश्न उरत नाही. तुम्हाला फ्लॅट ४६ लाखांचा घ्यायचाच आहे, म्हणजे तुमचं यात काही अडत नाही. बहिणीसाठी मात्र हा फरक खरा आहे, त्याकडे पुढे येतो.

एक खर्चाची गोष्ट. गावभागात २०१९ च्या पुराचं पाणी आलं त्यानंतर बऱ्याच घरांत गिलावा, फरशी, रंग, विजेची कामं झाली. तुमच्याकडेही झाली असतील तर ती पावती पुढे करू नका. घर होतं तसं परत करणं ही दुरुस्ती, ती किमतीत धरली जात नाही. त्याच वेळी वरच्या मजल्यावर नवी खोली चढवली असेल, तर तो खर्च सुधारणेत धरता येतो, आणि त्याची बिलं व परवानगी हाताशी हवी.

खरेदीखतातली किंमत आणि सरकारी मूल्यांकन यांचाही एकदा मेळ घाला. मूल्यांकन विक्री किमतीच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर नफा त्या मूल्यांकनावर मोजला जातो, हातात कितीही आले असोत. दस्ताच्या सूची क्रमांक दोनवर दोन्ही आकडे छापलेले असतात.

आता तुमचा फ्लॅट.

मुलाच्या नावावर करू नका. हे मी जोर देऊन सांगतोय, कारण आपल्या भागात "शेवटी त्यालाच जायचंय" या विचाराने सर्रास असं केलं जातं. देशातल्या काही उच्च न्यायालयांनी पत्नीच्या नावावरच्या घराला सवलत दिली आहे. पण आपण मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत येतो, आणि त्याच्या नागपूर खंडपीठाने दत्तक मुलाच्या नावावर घेतलेल्या घराला ही सवलत नाकारली आहे. ते प्रकरण कलम ५४ एफ चं होतं, पण तत्त्व तेच लागू होतं: ज्याचा नफा त्याने घर घ्यायचं. करारनाम्यात पहिलं नाव तुमचं, पैसे तुमच्या खात्यातून. सोबत पत्नीचं किंवा मुलाचं नाव दुसरं म्हणून घातलं तर अडचण येत नाही. मुलाला द्यायचं असेल तर तीन वर्षं उलटल्यावर बक्षीसपत्र करा किंवा आत्ताच मृत्युपत्रात लिहून ठेवा.

फ्लॅट तयार नाही, काम चालू आहे. असा फ्लॅट म्हणजे "खरेदी" की "बांधकाम" यावर वाद होत आले आहेत. बांधकाम मानलं तर तीन वर्षं, खरेदी मानलं तर दोन. अपिलात करदात्याच्या बाजूने बरेच निकाल लागले आहेत, पण तुम्हाला अपिलात जायचंच नाही. म्हणून महारेराच्या संकेतस्थळावर, maharera.maharashtra.gov.in वर, त्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून पूर्णत्वाची घोषित तारीख पाहा. ती किती वेळा पुढे ढकलली आहे तेही तिथे दिसतं. तारीख २०२७ च्या दिवाळीच्या आतली असेल तर निश्चिंतपणे पुढे जा. २०२८ च्या मध्यावर असेल तर बिल्डरचे आधीचे प्रकल्प वेळेवर झालेत का ते चौकशी करून ठरवा. २०२८ च्या नोव्हेंबरनंतरची असेल तर तो फ्लॅट कितीही आवडला तरी या पैशांसाठी तो नको.

आता समजा करारनामा फेब्रुवारीत नोंदवला आणि जुलैपर्यंत टप्प्याटप्प्याने बिल्डरला, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि जीएसटी धरून, २० लाख दिले. हे सगळं नव्या घराच्या किमतीत धरलं जातं. फर्निचर, पडदे, वातानुकूलन यंत्र यांचा खर्च धरला जात नाही. ४३ लाख ५० हजारांतले २० लाख वापरले, राहिले २३ लाख ५० हजार. हे पुढच्या हप्त्यांसाठी आहेत, अजून खर्च झालेले नाहीत. ही रक्कम ३१ जुलै २०२६ पर्यंत कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम, १९८८ च्या खात्यात जायलाच हवी.

इथे मी सगळ्यात जास्त लोक अडकलेले पाहतो. "पैसे घरालाच लागणार आहेत, करारनामा आहे, हप्ते चालू आहेत, मग खातं कशाला?" असं त्यांचं म्हणणं असतं, आणि ते ऐकायला बरोबरही वाटतं. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशाच एका प्रकरणात करदात्याच्या विरुद्ध निकाल दिला. विवरणपत्र भरण्याआधी जेवढे पैसे दिले तेवढ्यापुरतीच सवलत दिली. नंतर दिलेल्या पैशांची सवलत, ते खरोखर घरालाच लागले असूनही, नाकारली, कारण ते आधी या खात्यात भरले नव्हते. हे प्रकरणही कलम ५४ एफ चंच, पण खात्याची अट दोन्ही कलमांत सारखी आहे. तुमच्या बाबतीत २३ लाख ५० हजारांवरची सवलत गेली तर साडेबारा टक्क्यांनी उपकरासह ३ लाख ५ हजारांच्या आसपास कर बसेल, आणि त्यावर व्याज.

पतसंस्थेतली किंवा सहकारी बँकेतली ठेव या कामाला चालत नाही. ठेवीच्या पावतीवर "घरासाठी" असं लिहून घेतलं तरी नाही. ही योजना सरकारने अधिकृत केलेल्या बँकांतच चालते. पूर्वी त्या बहुतेक सरकारी बँका होत्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये काही खासगी बँकांनाही परवानगी मिळाली. अधिकृत बँकांच्याही ग्रामीण शाखांत हे खातं निघत नाही, सांगली शहरातल्या शाखेत जा. पतसंस्थेत पैसे ३१ जुलैपर्यंत ठेवायला आयकराच्या दृष्टीने बंदी नाही. पण पतसंस्थेच्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण नसतं, आणि ऐन जुलैत "रक्कम मोठी आहे, आठवडाभर थांबा" असं उत्तर मिळालं तर तुमची मुदत टळेल. माझं ऐकाल तर एप्रिलमध्येच पैसे पतसंस्थेतून बँकेत आणा.

खातं उघडायला नमुना ए भरून पॅन आणि पत्त्याच्या पुराव्यासह द्यायचा. खात्याचे दोन प्रकार आहेत. ए प्रकार बचत खात्यासारखा, बी प्रकार मुदत ठेवीसारखा. तुमचे हप्ते सहा-आठ महिन्यांनी येणार असतील तर पुढच्या हप्त्याइतकी रक्कम ए मध्ये ठेवा आणि बाकी बी मध्ये, म्हणजे व्याज बरं मिळेल. बी मधून थेट पैसे काढता येत नाहीत, आधी ए मध्ये वळवावे लागतात, त्यामुळे बिल्डरचं पत्र येताच बँकेत जा. पहिल्यांदा काढताना नमुना सी, त्यानंतर प्रत्येक वेळी नमुना डी, ज्यात आधी काढलेले पैसे कुठे गेले ते लिहायचं असतं. काढलेली रक्कम साठ दिवसांत घरासाठी वापरायची, उरली तर लगेच परत भरायची. या खात्यावर कर्ज काढता येत नाही, ते कोणाला तारण देता येत नाही. मिळणारं व्याज दरवर्षी तुमच्या उत्पन्नात जातं.

एक क्रम चुकवू नका. पैसे आधी खात्यात, विवरणपत्र नंतर. कायदा सांगतो की रक्कम विवरणपत्र भरण्यापूर्वी आणि मुदतीच्या आत जमा झालेली हवी. १० जुलैला विवरणपत्र भरलं आणि २५ जुलैला खातं उघडलं, तर ३१ जुलैच्या आत असूनही तुम्ही वादाला जागा देता. मुदतवाढ मिळेल यावर विसंबू नका. २०२५ मध्ये ती १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती, म्हणून यंदाही जाईल असं काही नसतं.

तीन वर्षांनी खात्यात काही उरलं तर त्या उरलेल्या रकमेवर, १८ नोव्हेंबर २०२८ ज्या आर्थिक वर्षात येतो त्या वर्षी, दीर्घकालीन भांडवली नफा म्हणून कर लागतो. खातं बंद करायला नमुना जी आणि आयकर अधिकाऱ्याची मंजुरी लागते. म्हणून गरजेपेक्षा जास्त रक्कम तिथे भरू नका. नफा ४३ लाख ५० हजार, त्यापलीकडचे पाच-साडेपाच लाख तुमचे मोकळे आहेत, ते कुठेही ठेवा.

फ्लॅट मिळाल्यावर तीन वर्षांत तो विकू नका. विकला तर दिलेली सवलत त्याच्या खरेदी किमतीतून वजा होते. ४६ लाखांचा फ्लॅट, सवलत ४३ लाख ५० हजारांची, म्हणजे किंमत धरली जाते फक्त अडीच लाख. समजा ५० लाखांना विकला, तर नफा साडेसत्तेचाळीस लाख. जुना वाचलेला कर असा एकदम परत येतो, आणि ताब्यापासून दोन वर्षांच्या आत विकला तर अल्पकालीन नफा म्हणून तुमच्या नेहमीच्या दराने येतो.

आता बहिणीचं. तिचं आधीच घर आहे म्हणून तिला कलम ५४ मिळणार नाही असं तिला कोणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. आधीची किती घरं आहेत ही अट ५४ एफ मध्ये आहे, ५४ मध्ये नाही. पण तिला घर नकोच असेल तर रोखे बरोबर आहेत.

हे रोखे शेअर बाजारात विकले जाणारे नसतात. ग्रामीण विद्युतीकरण निगम, पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन, भारतीय रेल्वे वित्त निगम यांच्यासारख्या सरकारी कंपन्या ते काढतात. २०२५ मध्ये हुडको आणि इरेडा यांचीही त्यात भर पडली. महामार्ग प्राधिकरणाच्या रोख्यांचं नाव अजून लोक घेतात, पण त्यांनी ही विक्री २०२२ मध्येच थांबवली आहे. एक रोखा दहा हजारांचा, पाच वर्षं पैसे अडकतात, व्याज सध्या वर्षाला सव्वापाच टक्के. व्याज करपात्र आहे. एका विक्रीच्या नफ्यासाठी जास्तीत जास्त ५० लाख. पूर्वी काही जण ३१ मार्चच्या आधी ५० आणि नंतर ५० असे एक कोटी गुंतवत. ती पळवाट २०१४ च्या दुरुस्तीने बंद झाली, आता दोन्ही वर्षं मिळून ५० लाखच.

परवडतं का, हे कागदावर मांडून पाहा. बहिणीने ४३ लाख ५० हजारांचे, म्हणजे ४३५ रोखे घेतले तर वाचतो जवळपास ५ लाख ६० हजारांचा कर. उलट बँकेच्या मुदत ठेवीवर पावणेसात टक्के मिळत असतील, तर रोख्यांत दरसाल दीड टक्का कमी, पाच वर्षांत मिळून सव्वातीन लाखांच्या घरात व्याज बुडतं. त्यावरही कर लागला असता, म्हणजे खरा तोटा त्याहून कमी. रोखे फायद्याचे आहेत, पण साडेपाच लाखांचा निव्वळ फायदा नव्हे.

आणि इथे निर्देशांकाचा मुद्दा कामाला येतो. जुन्या पद्धतीचा नफा २६ लाख ९४ हजार, म्हणजे २७० रोखे, २७ लाख. असं केलं तर बहिणीचे साडेसोळा लाख मोकळे राहतात. तिला पाच वर्षांत मुलांच्या शिक्षणासाठी किंवा आजारपणासाठी पैसे लागण्याची शक्यता असेल, तर मी हा मार्ग तिच्या सल्लागारासमोर ठेवेन आणि चौकशी आली तर उत्तर द्यायची तयारी ठेवून तो निवडेन. पैसे लागणार नसतील तर ४३५ रोखे घेऊन प्रश्न मिटवावा. हा निर्णय तिचा आहे. तुम्ही मोठे भाऊ म्हणून तिच्या वतीने ठरवू नका, दोन्ही आकडे तिच्यासमोर ठेवा.

अर्जावर पहिलं नाव बहिणीचं, पॅन तिचा, पैसे तिच्या खात्यातून. १८ मे ही शेवटची तारीख असली तरी १५ एप्रिलपर्यंत अर्ज पूर्ण करा. धनादेश वटायला वेळ लागतो, पॅनवरच्या आणि बँकेतल्या नावात फरक निघाला तर अर्ज परत येतो, आणि सहाव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ते सुधारायला वेळ उरत नाही. सहा महिने महिन्यांनी मोजायचे की दिवसांनी, शेवटचा महिना पूर्ण धरायचा का, यावर न्यायाधिकरणांचे निकाल आहेत. त्यांचा आधार घ्यायची वेळ येऊ देऊ नका.

पाच वर्षांत हे रोखे विकता येत नाहीत आणि त्यांच्यावर कर्जही काढता येत नाही. कर्ज काढलं तर ते रोखे मोडल्यासारखं धरतात आणि सोडलेला नफा त्या वर्षी करपात्र होतो. मोठं लग्नकार्य जवळ असेल तर हे आधी लक्षात घ्या.

तुम्हालाही दोन्ही कलमं एकत्र वापरता येतात, म्हणून पुन्हा त्या मे महिन्याकडे येतो. एप्रिलअखेर बिल्डरकडचं चित्र पाहा. स्लॅब ठरल्याप्रमाणे पडतायत, करारनामा नोंदला गेलाय, तर बाकी २३ लाख ५० हजार जुलैत खात्यात भरा. काम थांबलंय किंवा कागदपत्रांत काही अडकलंय असं दिसलं, तर १८ मे च्या आत तेवढ्या रकमेचे रोखे घ्या. फ्लॅट पुढे झाला तर बाकी हप्ते गृहकर्जातून भरता येतील. तुमचं निवृत्तिवेतन असल्याने बँक किती कर्ज देईल ते आधी विचारून ठेवा, कारण या वयात कर्जाची मुदत लहान मिळते.

शेवटी विवरणपत्र. व्यवसायाचं उत्पन्न नसल्याने दोघांनाही आयटीआर-२ भरायचं आहे. विक्री एक कोटीची असल्याने खरेदीदाराने एक टक्का कर कापला असेल, प्रत्येकी ५० हजार. दोघांच्या पॅनवर तो निम्मा-निम्मा दिसतोय का ते फॉर्म २६ एएस मध्ये आत्ताच पाहा. पूर्ण एक लाख एकाच्याच पॅनवर भरल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, आणि ते खरेदीदाराकडूनच दुरुस्त करून घ्यावं लागतं. तो अजून संपर्कात आहे तोवर हे काम उरका. सवलत पूर्ण मिळाली की हे ५० हजार, तुमच्या इतर उत्पन्नावरचा कर वजा जाऊन, परत मिळतात. भांडवली नफ्याच्या तक्त्यात खरेदीदाराचं नाव व पॅन, रोख्यांची किंवा करारनाम्याची तारीख आणि बँक खात्यात भरल्याची तारीख, खाते क्रमांक, शाखेचा आयएफएससी क्रमांक लिहावा लागतो. विक्री ३१ मार्च २०२६ च्या आधीची असल्याने तुमचं प्रकरण १९६१ च्या कायद्याखाली चालेल. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, त्यामुळे कोणी वेगळे आकडे सांगितले तर गोंधळू नका.

मूल्यांककाचा दाखला, दोन्ही खरेदीखतं, वडिलांचा मृत्यूचा दाखला, वारस नोंदीचा उतारा, दलालीची पावती, खात्याचं पासबुक आणि नमुना सी-डीच्या प्रती एका फाइलमध्ये २०३२ पर्यंत सांभाळा. बहिणीची फाइल वेगळी, साताऱ्यात तिच्याकडे. मूल्यांकनाचा दाखला दोघांच्या नावाने एकच असेल तर त्याची मूळ प्रत कोणाकडे आहे ते दोघांनीही लिहून ठेवा.